भाडेपट्ट्यातील लॉक-इन आणि नोटिशीची कलमे: सही करण्यापूर्वी कशी वाचावीत

सांगलीच्या पेठेत गाळा भाड्याने घेताना भाडे आणि अनामत या दोन आकड्यांवर तासन्‌तास बोलणी होतात. करार टाइप होऊन आला की दोन्ही पक्ष नावे, रक्कम आणि तारीख एवढे पाहून सही करतात. पुढे वाद झाला तर तो बहुधा भाड्याच्या आकड्यावरून होत नाही, तर गाळा मुदतीआधी सोडता येतो की नाही आणि येत असल्यास किती पैसे सोडावे लागतात, यावरून होतो. या प्रश्नाचे उत्तर करारातील दोन कलमांत असते. एक लॉक-इनचे, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता येणार नाही असे सांगणारे, आणि दुसरे नोटिशीचे. ही दोन कलमे एकत्र वाचावी लागतात, आणि ती कशी वाचावीत एवढ्यापुरताच हा लेख आहे. उदाहरण म्हणून मारुती चौक परिसरातील चष्म्याच्या दुकानासाठी घेतलेला एक गाळा कल्पिला आहे. त्यातील पक्ष, रकमा आणि तारखा समजावून सांगण्यासाठी घेतलेल्या आहेत.

कागद कोणता आहे, ते आधी ठरवा

भाडेपट्ट्यात सहसा पुढील गोष्टी येतात: लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावे व पत्ते, मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा, मुदत, भाडे आणि त्यातील वाढ, अनामत रक्कम, वापराचा हेतू, दुरुस्ती, घरपट्टी आणि वीजबिल कोणी भरायचे, पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई, लॉक-इन, नोटीस, कसूर झाल्यास काय, आणि शेवटी ताबा परत देण्याची रीत. मिळकतीचे वर्णन मिळकत पत्रिकेशी ताडून पाहावे. मालक म्हणून सही करणाऱ्याचे नाव त्या पत्रिकेवर आहे का, आणि इतर हिस्सेदार आहेत का, तेही तेव्हाच पाहावे. नोटीस कोणाला द्यायची हा प्रश्न पुढे येतो, तेव्हा याचा उपयोग होतो.

यानंतर शीर्षक वाचा, परंतु त्यावर विसंबू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्याने मिळकतीच्या उपभोगाचा हक्कच ठरावीक काळासाठी भाडेकरूकडे जातो. लिव्ह अँड लायसन्समध्ये केवळ वापरण्याची परवानगी मिळते, हक्क जात नाही. आपल्याकडे साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के या दराने, म्हणजे अगदी कमी लागते. शिवाय भाडेकरू कायद्याचे संरक्षण मिळत नसल्यामुळे मालकांचाही कल तिकडेच असतो. म्हणून पुष्कळदा शीर्षक लायसन्सचे असते आणि आतील कलमे पट्ट्यासारखी असतात. वाद न्यायालयात गेला तर शीर्षकापेक्षा दस्ताचा आशय आणि पक्षांचा हेतू पाहिला जातो. लॉक-इन आणि नोटिशीची शब्दरचना दोन्ही प्रकारांत जवळपास सारखीच असते, त्यामुळे पुढील वाचनपद्धत दोन्हीकडे उपयोगी पडेल. मात्र कायद्याच्या कलमांचे जे दाखले मी देत आहे ते भाडेपट्ट्याचे आहेत.

दुसरी तपासणी नोंदणीची आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो, असे कलम १०७ सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ याच्याही पुढे जाते. भाड्याने देण्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, असे ते कलम आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. स्टँपपेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का घेणे म्हणजे नोंदणी नव्हे. पाच वर्षांचा करार अशा कागदावर केला असेल तर त्यातील लॉक-इनचा आधार फारच कच्चा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या एका निकालात म्हटले आहे की, नोंदणी आवश्यक असूनही न केलेल्या पट्ट्यातील नोटिशीची अट विचारात घेता येत नाही, तो महिनेवारी भाडेपट्टा मानला जातो आणि त्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस पुरते. म्हणून लॉक-इनवर भरवसा ठेवून गाळ्यात फर्निचर करणाऱ्या भाडेकरूने आणि लॉक-इनवर भरवसा ठेवून कर्जाचे हप्ते बांधून घेणाऱ्या मालकाने, दोघांनीही सूची क्रमांक २ ची, म्हणजे दस्त नोंदवल्याच्या सरकारी नोंदीची, प्रत आपल्याकडे ठेवावी.

लॉक-इन आणि नोटीस यांचे नाते

बऱ्याच लोकांचा समज असा असतो की, लॉक-इन ही भाडेकरूवर घातलेली जादा बंधनाची अट असून ती नसती तर तो केव्हाही सोडून जाऊ शकला असता. कायद्याची स्थिती याच्या उलट आहे. ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा असेल आणि त्यात मुदतीआधी सोडण्याचे कोणतेही कलम नसेल, तर संपूर्ण मुदत दोघांवरही बंधनकारक असते. कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस महिनेवारी भाडेपट्ट्यासाठी आहे, पाच वर्षांच्या नोंदणीकृत पट्ट्यातून मधेच बाहेर पडण्यासाठी नाही. तेव्हा बाहेर पडण्याची वाट उघडते ती नोटिशीच्या कलमाने, आणि ती वाट काही काळ बंद ठेवते ते लॉक-इनचे कलम. यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. भाडेकरूने आग्रह धरून लॉक-इनचे कलम काढून टाकले, पण नोटिशीचे कलम घालायचे राहून गेले, तर त्याने दोन वर्षांच्या बंधनाऐवजी पाच वर्षांचे बंधन पत्करलेले असते.

नोटिशीच्या कलमात हा अधिकार कोणाचा, हे स्पष्ट लिहिलेले आहे का, तेही पाहावे. ‘सदर करार तीन महिन्यांची नोटीस देऊन संपुष्टात आणता येईल’ असे मोघम वाक्य अनेक करारांत आढळते. कोणाला आणता येईल, हे त्यात नाही. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११० नुसार तो पर्याय भाडेकरूचा मानला जातो, मालकाचा नव्हे. आपल्यालाही हा अधिकार आहे असे मालकाने गृहीत धरले असेल, तर ते वाक्य त्याच्या उपयोगाचे नाही.

मालकाच्या नोटिशीबद्दल आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू आहे तिथे मालकाने करारानुसार नोटीस दिली आणि तिची मुदत संपली, एवढ्याने भाडेकरूला जागा सोडावी लागत नाही. ताबा मिळवण्यासाठी मालकाला भाडे थकल्याचे किंवा कलम १६ मधील एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि थकबाकीच्या कारणासाठी आधी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर हा कायदा लागू होत नाही. तिथे मात्र मालकाचे नोटिशीचे कलम पूर्ण ताकदीने चालते. म्हणून आपला गाळा बँकेच्या शाखेला देणाऱ्या मालकाने आणि तोच गाळा चष्म्याच्या दुकानाला देणाऱ्या मालकाने एकच नमुना वापरू नये.

पहिली पायरी: लॉक-इन कोणत्या दिवशी संपते, ते तारखेने काढा

आता आपला गाळा घेऊ. पट्टा पाच वर्षांचा आहे. दस्त १ एप्रिल २०२५ रोजी नोंदवला गेला. शटर आणि वीजजोडणीचे काम राहिले होते, म्हणून ताबा १५ मे २०२५ रोजी मिळाला आणि भाडेही त्याच दिवसापासून सुरू झाले. भाडे महिना २५,००० रुपये, ताब्यापासून चोवीस महिने झाल्यावर त्यात दहा टक्के वाढ, अनामत १,५०,००० रुपये. लॉक-इनचे कलम असे आहे: ‘सदर पट्ट्याचा लॉक-इन कालावधी २४ महिन्यांचा राहील.’

हे वाक्य अपुरे आहे, कारण चोवीस महिने कधीपासून मोजायचे ते त्यात नाही. नोंदणीपासून मोजले तर ते मार्च २०२७ अखेर संपतात आणि ताब्यापासून मोजले तर मे २०२७ च्या मध्यावर. फरक दीड महिन्याचा, म्हणजे सुमारे साडेसदतीस हजार रुपयांचा आहे. भाडेमाफीचा काळ असेल तर तिसरी तारीख उपस्थित होते, कारण फर्निचरच्या कामासाठी दिलेला महिना लॉक-इनमध्ये धरायचा की नाही, हे पुन्हा सांगावे लागते.

‘१५ मे २०२५ पासून’ असे लिहिले तरी एक दिवसाची संदिग्धता राहते. कलम ११० प्रमाणे ‘अमुक दिवसापासून’ अशी सुरुवात असेल तर तो दिवस मोजणीतून वगळला जातो, पण व्यवहारात लोक तो धरतात. एका दिवसासाठी वाद कशाला, असे वाटेल. परंतु नोटीस एक दिवस आधी पोहोचली म्हणून ती लॉक-इनमधली आहे आणि म्हणून रद्द आहे, असे उत्तर येऊ शकते. उपाय सोपा आहे. महिन्यांबरोबर तारखाही लिहाव्यात: ‘लॉक-इन कालावधी दिनांक १५/०५/२०२५ ते दिनांक १४/०५/२०२७, दोन्ही दिवस धरून.’ एवढ्या एका ओळीने मोजणीचा सगळा प्रश्न मिटतो.

याच पायरीवर लॉक-इन कोणाकोणावर आहे ते पाहा. ‘लिहून घेणार यांना सदर कालावधीत मिळकत सोडता येणार नाही’ एवढेच लिहिले असेल तर बंधन एकट्या भाडेकरूवर आहे. त्याच करारात मालकाला नोटिशीचा अधिकार दिलेला असेल, तर तो अधिकार पहिल्या दिवसापासून चालू आहे असा अर्थ निघू शकतो. भाडे नियंत्रण अधिनियम भाडेकरूच्या बाजूने असला तरी, भाडेकरूने फर्निचर, रंगकाम आणि डोळे तपासण्याच्या यंत्रांसाठी चार-पाच लाख घातल्यावर त्या कायद्याच्या आधाराने न्यायालयात उभे राहण्यापेक्षा, लॉक-इन दोघांवर आहे असे आधीच लिहून घेणे केव्हाही चांगले.

दुसरी पायरी: नोटीस लॉक-इनच्या आत देता येते का, ते पाहा

माझ्या मते संपूर्ण करारात सर्वांत काळजीपूर्वक वाचण्याची जागा हीच आहे. पुढील दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवा.

पहिले: ‘लॉक-इन कालावधी संपल्यानंतर लिहून घेणार यांना तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन पट्टा संपुष्टात आणता येईल.’

दुसरे: ‘लिहून घेणार यांना तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन पट्टा संपुष्टात आणता येईल, मात्र नोटिशीची मुदत लॉक-इन कालावधी संपण्यापूर्वी संपता कामा नये.’

घाईत वाचले तर दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. हिशेब करून पाहू. चष्म्याच्या दुकानदाराला लॉक-इन संपताच गाळा सोडायचा आहे. दुसऱ्या वाक्यानुसार त्याची नोटीस १४ फेब्रुवारी २०२७ रोजी मालकाच्या हाती पडली, तर तो दिवस सोडून तीन महिने १४ मे रोजी पूर्ण होतात आणि लॉक-इनच्या शेवटच्या दिवशी तो मोकळा होतो. पहिल्या वाक्यानुसार नोटीस द्यायची मुभाच १५ मे २०२७ रोजी सुरू होते, आणि तीन महिने ऑगस्टच्या मध्यावर संपतात. दरम्यान भाडे दहा टक्क्यांनी वाढून २७,५०० रुपये झालेले असते. तीन महिन्यांचे ८२,५०० रुपये केवळ शब्दरचनेमुळे जातात. चोवीस महिन्यांचे लॉक-इन प्रत्यक्षात सत्तावीस महिन्यांचे झाले, आणि तेही शेवटचे तीन महिने चढ्या भाड्याने.

मालकाच्या बाजूने पाहिले तर पहिले वाक्य अन्यायाचे नाही. नवीन भाडेकरू शोधायला त्याला तीन महिने हवे असतात. पण ते तीन महिने दुसऱ्या वाक्यातही मिळतातच, फक्त लॉक-इनच्या आत मिळतात. म्हणून बोलणी करताना भाडेकरूने ‘नोटीस कमी करा’ असे म्हणण्याऐवजी ‘नोटीस लॉक-इनच्या आत देण्याची मुभा द्या’ असे म्हणावे. ही मागणी मालकाला पटण्यासारखी असते.

महिने आणि दिवस यांतही फरक पडतो. १४ फेब्रुवारी ते १४ मे २०२७ हे तीन महिने आहेत, पण दिवस एकोणनव्वदच भरतात. करारात ‘नव्वद दिवस’ असेल तर तीच नोटीस १५ मे रोजी संपेल. ‘नोटीस इंग्रजी महिन्याच्या अखेरीस संपणारी असावी’ अशी अट असेल तर भाडेकरूला ३१ मेपर्यंत थांबावे लागेल. त्यामुळे नोटिशीत ‘तीन महिन्यांनी गाळा सोडू’ असे मोघम न लिहिता शेवटचा दिवस तारखेने लिहावा, आणि हिशेबात आठ-दहा दिवसांचे अंतर हाताशी ठेवूनच नोटीस पाठवावी.

तिसरी पायरी: नोटीस कोणाला, कशी आणि कोणत्या पत्त्यावर

कलम १०६ नुसार नोटीस लेखी आणि सहीची हवी. ती टपालाने पाठवता येते, समक्ष देता येते, किंवा घरी कुटुंबातील व्यक्तीकडे अथवा नोकराकडे देता येते. हे शक्य नसेल तर मिळकतीच्या ठळक भागावर चिकटवता येते. करारात मात्र याहून कडक रीत ठरवलेली असू शकते, आणि मग तीच पाळावी लागते. जुन्या नमुन्यांत ‘रजिस्टर्ड पोस्टाने’ असे शब्द असतात. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे. नवीन करारात ‘पोचपावतीसह स्पीड पोस्टाने किंवा समक्ष देऊन सहीची पोच घेऊन’ असे लिहावे. व्हॉट्सअ‍ॅप किंवा ई-मेल चालणार असेल तर क्रमांक आणि पत्ता करारातच नमूद करावा. तसे नमूद नसेल तर केवळ व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशावर विसंबू नये, मालकाने ‘ठीक आहे’ असे उत्तर दिले असले तरीही कागद पाठवावा.

मुदत नोटीस पाठवल्यापासून मोजायची की पोहोचल्यापासून, हेही कलमात असावे. काहीच नसेल तर पोहोचल्यापासून मोजणे सुरक्षित. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले तर नोटीस मिळालीच नाही असे म्हणणे घेणाऱ्याला अवघड जाते. मात्र पत्ता करारातील आणि बिनचूक असला पाहिजे. ते परत आलेले पाकीट फोडू नये, तसेच जपून ठेवावे.

सांगलीच्या जुन्या पेठांतील गाळे पुष्कळदा वडिलोपार्जित असतात. एक भाऊ इथे, दुसरा पुण्याला, बहीण कोल्हापूरला, आणि मिळकत पत्रिकेवर तिघांचीही नावे. भाडे घेणारा भाऊ नेहमीचा ओळखीचा म्हणून नोटीस त्यालाच दिली जाते, आणि पुढे दुसरा भाऊ म्हणतो की मला काही कळवलेच नाही. म्हणून करारातच ‘सर्व मालकांच्या वतीने नोटीस स्वीकारण्याचा अधिकार अमुक यांना राहील’ असे एक वाक्य घालून घ्यावे आणि त्यावर सर्वांच्या सह्या असाव्यात. ते नसेल तर तिघांनाही स्वतंत्र नोटीस पाठवावी. स्पीड पोस्टाचा जादा खर्च या वादापुढे काहीच नाही.

चौथी पायरी: लॉक-इन मोडले तर किती द्यावे लागेल

आता समजा, धंदा बसला नाही आणि दुकानदाराने चौदा महिन्यांनी, १४ जुलै २०२६ रोजी, गाळा रिकामा करून दिला. लॉक-इनचे दहा महिने उरले आहेत. कराराचे कलम असे आहे: ‘लॉक-इन कालावधीत मिळकत सोडल्यास अनामत रक्कम जप्त होईल व उर्वरित लॉक-इन कालावधीचे संपूर्ण भाडे देय राहील.’ कागदावरचा हिशेब अनामत १,५०,००० आणि दहा महिन्यांचे २,५०,००० असा चार लाखांचा होतो.

न्यायालयात मात्र हा आकडा जसाच्या तसा मिळेल असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान मोजताना ते कमी करण्यासाठी कोणती साधने हाताशी होती, हेही पाहिले जाते. म्हणजे मालकाने गाळा बंद ठेवून दहा महिने स्वस्थ बसावे आणि सगळे भाडे मागावे, हे टिकणे कठीण आहे. आपल्या उदाहरणात मालकाला १५ ऑक्टोबरपासून २४,००० रुपये भाड्याने नवीन भाडेकरू मिळाला, असे धरू. मग तीन महिन्यांचे ७५,००० रुपये बुडाले, उरलेल्या सात महिन्यांत दरमहा हजार याप्रमाणे ७,००० रुपये कमी मिळाले, आणि एजंटाला एका महिन्याचे भाडे म्हणजे २४,००० रुपये गेले. एकूण १,०६,००० रुपये. या हिशेबाने अनामतीतील ४४,००० रुपये भाडेकरूला परत मिळायला हवेत.

पण भाडेकरूने यावर फार निर्धास्त होऊ नये. अनामत मालकाच्या ताब्यात असते, आणि ती परत मिळवण्यासाठी दावा लावायचा तो भाडेकरूला. चव्वेचाळीस हजारांसाठी वर्षानुवर्षे तारखा घेणे परवडणारे नसते, हे दोघांनाही ठाऊक असते. शिवाय नुकसान नेमके मोजणे कठीण असेल आणि ठरलेली रक्कम प्रामाणिक अंदाजाची असेल, तर ती संपूर्णही मिळू शकते. त्यामुळे कलम ७४ हा शेवटचा आधार समजावा, आणि भरपाईचे कलम सहीपूर्वीच आटोक्यात आणावे. दोघांनाही मानवेल अशी एक रचना पुढीलप्रमाणे आहे: ‘लॉक-इन कालावधीत मिळकत सोडल्यास लिहून घेणार यांनी उर्वरित लॉक-इन कालावधीचे किंवा चार महिन्यांचे भाडे, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावी, ती अनामतीतून वळती करावी व उरलेली अनामत ताबा देतेवेळी परत करावी, याव्यतिरिक्त नोटीस कालावधीचे भाडे आकारले जाणार नाही.’ शेवटचा भाग विसरू नये, कारण तो नसेल तर लॉक-इनची भरपाई आणि नोटिशीचे तीन महिने, दोन्ही मागितले जातात.

कसूर मालकाची असेल तर काय, हेही याच कलमात यावे. ठरलेला वीजभार मिळाला नाही, किंवा दुकानाच्या परवान्यासाठी लागणारे संमतिपत्र मालकाने दिले नाही, तर लेखी कळवून तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरूवरील लॉक-इन संपेल, असे लिहून घ्यावे.

पाचवी पायरी: पूर

कृष्णाकाठच्या पेठांत गाळा घेणाऱ्याने हे कलम स्वतंत्रपणे वाचावे, आणि करारात नसल्यास घालून घ्यावे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा बाजारपेठेत शिरले. अशा वेळी लॉक-इन चालू असेल तर काय होते?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये पुराचा उल्लेख आहे. आग, वादळ, पूर यांमुळे मिळकतीचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा ठरलेल्या वापरासाठी ठळकपणे आणि कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरूच्या इच्छेनुसार पट्टा रद्द होतो. ‘कायमचा’ हा शब्द इथे निर्णायक आहे. आठ दिवस पाणी राहिले, दोन महिने ओल आणि चिखल काढण्यात गेले, यंत्रे आणि काउंटर खराब झाले, तरी गाळा कायमचा निरुपयोगी झाला असे म्हणता येत नाही. करार पार पाडणे अशक्य झाल्यामुळे तो रद्द होतो, असे सांगणारे करार अधिनियमाचे कलम ५६ अमलात आलेल्या भाडेपट्ट्याला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगितले आहे. म्हणजे करारात काही नसेल तर पुराच्या महिन्यांचेही भाडे चालू राहते आणि लॉक-इनही चालू राहते.

म्हणून पुराच्या कलमात तीन गोष्टी हव्यात. गाळा ज्या दिवसापासून वापरता येत नाही त्या दिवसापासून दुरुस्ती होईपर्यंत भाडे थांबेल. ही स्थिती सलग साठ दिवसांहून अधिक राहिली तर भाडेकरूला भरपाई न देता, पंधरा दिवसांच्या नोटिशीने पट्टा संपवता येईल, लॉक-इन चालू असले तरीही. आणि भाडे थांबलेले दिवस लॉक-इनमध्ये धरले जातील. ही तिसरी गोष्ट मुद्दाम लिहावी लागते, कारण ‘जितके दिवस भाडे स्थगित राहील तितके दिवस लॉक-इन पुढे वाढेल’ अशी ओळ काही नमुन्यांत असते. तिच्यामुळे आपल्या दुकानदाराचे लॉक-इन दोन महिन्यांच्या बंदनंतर १४ मे ऐवजी जुलै २०२७ पर्यंत जाईल, आणि नोटिशीचा सगळा हिशेब पुढे सरकेल.

नोटीस दिल्यानंतर

नोटीस दिली म्हणून भाडे थांबवू नये. ‘अनामतीतून कापून घ्या’ असे म्हणण्याचा रिवाज आहे, पण करारात तशी मुभा नसेल तर ती थकबाकी ठरते, आणि कसुरीच्या कलमाखाली मालकाला भाडेकरूविरुद्ध एक मुद्दा मिळतो. शेवटच्या दिवसापर्यंत फर्निचर, फलक आणि सामान काढलेले असावे. मुदत संपल्यावर सामान राहिले तर बहुतेक करारांत दुप्पट भाड्याने किंवा दिवसाच्या दराने आकारणी लिहिलेली असते.

किल्ल्या शेजारच्या दुकानदाराकडे ठेवून जाऊ नये. मालकाने गाळा पाहावा, वीजमीटरचे वाचन दोघांनी मिळून लिहून घ्यावे, आणि ताबा पावती करावी. तिच्यात दस्ताचा क्रमांक, ताबा दिल्याची तारीख, किल्ल्यांची संख्या, वीजबिल आणि घरपट्टी यांची बाकी, अनामतीतून झालेली वजावट आणि परत दिलेली रक्कम हे सगळे यावे. अनामत त्याच दिवशी मिळत नसेल तर ती कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यात येणार, हे त्याच पावतीत लिहून सर्व मालकांच्या सह्या घ्याव्यात. मालक ताबा घेण्याचे टाळत असेल, तर शेवटच्या दिवसापूर्वी दुसरे पत्र पाठवून दिवस आणि वेळ कळवावी, त्या वेळी दोन साक्षीदारांसह हजर राहावे आणि रिकाम्या गाळ्याची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत.